गप्प तार आणि बोलका गूस

काही वर्षांपूर्वी 220 केव्हीच्या एका उपकेंद्रात वार्षिक चाचणीला उभा होतो. लाइनच्या रिलेला करंट इंजेक्ट केला, रिले ऑपरेट झाला, पण शेजारच्या पॅनेलमधला एलबीबी रिले जागचा हलला नाही. टर्मिनल ब्लॉकवर तार जागेवर दिसत होती, फेरुलवरचा क्रमांकही बरोबर होता. बोटाने जरा ओढली तर तार हातात आली. स्क्रू सैल होता. तो किती महिने तसा होता, हे कोणालाच सांगता येईना, कारण ती तार एरवी काहीच काम करत नाही.

एलबीबी म्हणजे लोकल ब्रेकर बॅकअप. लाइनवर फॉल्ट आला, रिलेने ट्रिप दिली आणि ब्रेकर अडकून राहिला, तर फॉल्ट तोडायला त्याच बसवरचे बाकीचे सगळे ब्रेकर उघडावे लागतात. त्यासाठी लाइनचा रिले ट्रिप देतानाच ‘मी ट्रिप दिली आहे’ असे एलबीबीला कळवतो. जुन्या पद्धतीत हे कळवणे म्हणजे एक कॉन्टॅक्ट बंद होणे आणि तारेवर बॅटरीचे डीसी व्होल्टेज येणे. व्होल्टेज नसेल तर दोन अर्थ संभवतात: ट्रिप झालेली नाही, किंवा तार तुटली आहे. तारेला यातला फरक सांगता येत नाही.

आयईसी 61850 या मानकातला गूस संदेश इथे मुळातून वेगळा आहे. तो इथरनेटवरून जातो आणि काही घडले नसतानाही जात राहतो. लाइनचा रिले, समजा, दर सेकंदाला ‘ट्रिप नाही’ असे सांगतो आणि प्रत्येक संदेशात पुढचा संदेश किती वेळात यायला हवा तेही लिहितो. ही मुदत दोन सेकंदांची असेल आणि तेवढ्यात संदेश आला नाही, तर एलबीबी रिले संपर्क तुटल्याचा अलार्म देतो. सैल स्क्रूची बातमी वार्षिक चाचणीपर्यंत थांबत नाही.

आता फॉल्टचा क्षण पाहू. शांततेच्या काळात संदेशातला `stNum` 41 वर स्थिर असतो आणि `sqNum` एकेकाने वाढत असतो. रिले ऑपरेट झाला की सेकंदाची वाट न पाहता लगेच नवा संदेश निघतो:

```
stNum: 42
sqNum: 0
```

`stNum` बदलला म्हणजे स्थिती बदलली. या संदेशाला पोच नसते, पोच मागायला वेळच नसतो. त्याऐवजी रिले तोच संदेश पुन्हापुन्हा पाठवतो: 4 मिलिसेकंदांनी, मग 8, मग 16, असे अंतर वाढवत पुन्हा सेकंदावर येतो. एखादा हरवला तरी पाठोपाठ दुसरा येतोच. ट्रिपसारख्या संदेशासाठी मानकाने 3 मिलिसेकंदांची मर्यादा घातली आहे. तारेच्या वाटेवर एखादा ऑक्झिलरी रिले असला, तर त्याचे कॉन्टॅक्ट हलायलाच बहुधा याहून जास्त वेळ लागतो.

संदेश मिळताच एलबीबी टायमर सुरू करतो, उदाहरणार्थ 200 मिलिसेकंदांचा, आणि त्या ब्रेकरमधून करंट अजून वाहतो आहे का ते पाहत राहतो. ब्रेकर उघडला, करंट थांबला, की विषय संपला. टायमर संपेपर्यंत करंट वाहतच राहिला, तर बसवरच्या सगळ्या बेंना ट्रिप जाते. मात्र शेवटी ट्रिप कॉइलपर्यंत तांब्याची तार असतेच, आणि तिच्यावर नजर ठेवायला ट्रिप सर्किट सुपरव्हिजन अजूनही लागते.

गूस आल्यावर चुका संपल्या असे मुळीच नाही, त्या जागा बदलतात. स्विचच्या पोर्टवर व्हीलॅन चुकला तर संदेश पोचतच नाही, पण अलार्म येतो. कोणी डेटासेट बदलला आणि एलबीबीच्या फाइलमध्ये जुनाच `confRev` राहिला, तर तेही उघडे पडते. मला खरी भीती वाटते ती टेस्ट मोडची. पूर्वी चाचणीसाठी लिंक उघडली की ती डोळ्यांना दिसायची. आता रिलेला टेस्टमध्ये टाकतात. त्याचे संदेश नियमित येत राहतात, मुदत कधीच चुकत नाही, फक्त प्रत्येकावर ‘टेस्ट’चा शिक्का असतो आणि एलबीबी त्यावर कारवाई करत नाही. काम उरकून माणूस घरी गेला आणि रिले टेस्टमध्येच राहिला, तर संपर्क तुटल्याचा अलार्म येणार नाही, कारण संपर्क तुटलेलाच नाही. मॅपिंगमध्ये चुकीचा बिट जोडला गेला असेल तर तोही असाच गप्प राहतो. तो पकडायला करंट इंजेक्ट करून दुसऱ्या टोकाला एलबीबी सुरू झाला का, हे पाहावेच लागते.

म्हणून चाचणी करणाऱ्या मित्रांना एवढेच सांगणे आहे: पॅनेलचे दार लावण्यापूर्वी रिलेच्या पडद्यावर `Beh` काढा आणि तिथे `on` आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.