नऊ आकड्यांतला उजेड

अंगणात ठेवलेल्या मातीच्या मडक्यावर सगळीकडून उजेड पडतो, पण मडकं आकाशाचं चित्र दाखवत नाही. त्याच्या प्रत्येक बिंदूवर अर्ध्या आकाशाचा उजेड एकत्र होतो. समोरचा पूर्ण मोजला जातो, तिरपा कमी. या सरासरीत ढगांच्या कडा पुसल्या जातात.

स्टॅनफर्डचे रवी राममूर्ती आणि पॅट हॅनरहन यांनी २००१ साली याचं गणित मांडलं. स्फेरिकल हार्मोनिक्स म्हणजे गोलावरच्या लाटा. पहिल्या पातळीवर एकच लाट, सगळीकडचा सारखा उजेड. दुसरीवर तीन, कुठली बाजू उजळ ते सांगणाऱ्या. तिसरीवर आणखी बारीक पाच. एकूण नऊ. खरबरीत पृष्ठभाग या पातळ्यांना अनुक्रमे ३.१४, २.०९ आणि ०.७९ ने गुणतो. चौथीला थेट शून्याने, आणि पाचवीला जेमतेम −०.१३ ने. म्हणून नवानंतर थांबता येतं. लाल, हिरवा, निळा धरून सत्तावीस आकडे, आणि सरासरी चूक सुमारे एक टक्का.

मात्र सगळा उजेड एकाच दिव्यातून येत असेल तर हिशेब डगमगतो. दिव्याची ताकद १ धरली, तर त्याच्यासमोर १.०६ येतं. दिव्यापासून १२२ अंश वळलेल्या भागावर शून्याऐवजी −०.०४ येतं, म्हणजे उणे उजेड! पडद्यावर तिथे काळा पट्टा उमटतो. त्यामुळे सूर्य वेगळा हाताळतात. चकचकीत तांब्याला तर नऊ आकडे पुरतच नाहीत, कारण त्यात ढगांच्या कडाही दिसाव्या लागतात.