आजोबांना चिमणराव माहीत, नातवाला भिडे मास्तर: घरच्या क्विझमध्ये दोघांनाही समान संधी कशी द्यायची?

सुट्टीत सगळे एकत्र जमले की कुणीतरी क्विझ काढतंच. जुन्या विनोदी मालिकांमधली पात्रं ओळखायची फेरी तर हमखास असते. पण होतं काय, तर पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं एकटे आजोबा देतात आणि मुलं मोबाईल काढून बसतात. किंवा याच्या बरोबर उलट होतं आणि आजी हळूच उठून स्वयंपाकघरात जाते.

गडबड नेमकी कुठे होते?

आपण प्रश्नांचे 'सोपे' आणि 'अवघड' असे दोन गट करतो. पण 'गुंड्याभाऊंचा जोडीदार कोण?' हा प्रश्न सोपा की अवघड? १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शन पाहिलेल्या आजीसाठी अगदी सोपा. दहा वर्षांच्या नातीसाठी मात्र तो अशक्य आहे, कारण कितीही डोकं खाजवलं तरी तिला ते आठवणार नाही. म्हणजे काठिण्य प्रश्नात नसतं. ती मालिका आणि उत्तर देणारा माणूस यांच्यात किती वर्षांचं अंतर आहे, त्यावर ते ठरतं.

मग नियम काय ठेवायचा?

मालिका ज्याच्या काळापासून सगळ्यात लांब, त्याला पहिली संधी आणि ३ गुण. मधल्या पिढीला दुसरी संधी, २ गुण. ज्यांनी ती मालिका आवडीने पाहिली, त्यांना शेवटी, १ गुण. प्रत्येक संधीला ३० सेकंद आणि वेगळा क्लू. प्रत्येक टीममध्ये किमान एक मूल आणि एक आजी किंवा आजोबा हवेत.

यातली मेख पहिल्या क्लूमध्ये आहे. तो आठवणीवर नाही, तर विचार करून सुटायला हवा. दोन उदाहरणं पाहू.

पात्र पहिलं: चिमणराव

मुलांसाठी (३ गुण): एका छोट्या पक्ष्याचं नाव घ्या, शेवटची वेलांटी काढून टाका आणि पुढे 'राव' लावा.
आई-बाबांसाठी (२ गुण): चिं. वि. जोशींचं हे पात्र टीव्हीवर दिलीप प्रभावळकरांनी साकारलं.
आजी-आजोबांसाठी (१ गुण): गुंड्याभाऊंचा जोडीदार.

मालिका न पाहिलेलं मूलही 'चिमणी'वरून उत्तरापर्यंत पोहोचतं. आजोबांना उत्तर माहीत असूनही एक मिनिट गप्प बसावं लागतं, ही त्यातली खरी गंमत!

पात्र दुसरं: 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मधले भिडे

इथे क्रम उलटा होतो.

आजी-आजोबांसाठी (३ गुण): १८४८ मध्ये फुले दाम्पत्याने पुण्यातल्या ज्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, त्या वाड्याचं नाव हेच या शिक्षकाचं आडनाव.
आई-बाबांसाठी (२ गुण): गोकुलधाम सोसायटीचे सेक्रेटरी.
मुलांसाठी (१ गुण): 'सखाराम' स्कूटरचे मालक.

मधल्या काळातल्या मालिकांचं काय?

२०००च्या आसपासच्या मालिका आई-बाबांच्या. तिथे पहिली संधी आजोबा आणि नातवाच्या जोडीला द्या आणि क्लू असा करा की दोघांपैकी एकट्याला तो सुटू नये. उदाहरणार्थ: 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये जे गांधीजी झाले, तेच दूरदर्शनवर चिमणराव होते. २००१ मध्ये सुरू झालेल्या एका मराठी मालिकेत ते आबा झाले. त्या आबांचं पूर्ण नाव मालिकेच्या नावातच आहे. नातू सिनेमातला चेहरा आठवतो, आजोबा त्या चेहऱ्याचं नाव सांगतात आणि दोघं मिळून 'श्रीयुत गंगाधर टिपरे'पर्यंत येतात.

वाद कुठे होतात?

'टप्पूचं काम कोणी केलं?' असं विचारलंत तर भांडण ठरलेलंच. आधी भव्य गांधी होता, नंतर राज अनाडकट आला. दोन्ही उत्तरं बरोबर. 'ये जो है जिंदगी'मध्ये सतीश शाह यांचं पात्र कोणतं, हाही प्रश्न फसवा, कारण ते वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या भूमिकांत दिसायचे. म्हणून पात्राचं नाव विचारा, कलाकाराचं नाव फक्त क्लूमध्ये वापरा.

क्लू जमलाय की नाही, कसं कळणार?

एका फेरीला सहा पात्रं पुरतात: दोन जुनी, दोन मधली, दोन नवी. ३ गुणांचा क्लू सगळ्या टीमनी लगेच ओळखला तर तो फारच सोपा झाला. दोन्ही जुन्या पात्रांना एकाही मुलाला उत्तर आलं नाही, तर तुम्ही नकळत आठवणीवरचा प्रश्न विचारलात. त्यासाठी आदल्या दिवशी पहिले क्लू शेजारच्या एखाद्या मुलाला आणि एका आजींना विचारून बघा. फक्त ते दोघं त्या रात्री खेळायला येणार नसावेत!