एकरी तीस किलो कुठून आले?

सोयाबीनचे बियाणे एकरी तीस किलो लागते, हा आकडा महाराष्ट्रात इतका रुळला आहे की बियाण्याची पिशवीही बहुधा त्याच मापाने विकत घेतली जाते. हेक्टरी ७५ किलो या शिफारशीचा तो एकरी भाग आहे. पण तीस किलो हे एका हिशेबाचे उत्तर आहे. हिशेबातला एकही आकडा बदलला की उत्तर बदलते, आणि घरच्या बियाण्यात ते आकडे जवळपास दरवर्षी बदलतात.

हिशेबाची सुरुवात रोपांपासून करावी लागते. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि ओळीतल्या दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एका रोपाच्या वाट्याला ०.०२२५ चौरस मीटर जागा येते. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याला या जागेने भागले की साधारण १ लाख ८० हजार रोपे मिळतात. एकरात एवढी रोपे उभी राहावीत, एवढेच या अंतराचे म्हणणे आहे. त्यासाठी किती दाणे टाकायचे आणि ते वजनाने किती भरतील, हे अजून ठरायचे असते.

वजनासाठी शंभर दाण्यांचे वजन घ्यावे लागते. बारीक दाण्याच्या वाणात ते १० ग्रॅमच्या आसपास असते, टपोऱ्या दाण्यात १३-१४ ग्रॅमपर्यंत जाते. तीस किलोच्या पिशवीत पहिल्या प्रकारचे तीन लाख दाणे बसतात, तर १४ ग्रॅमवाल्या वाणाचे सव्वादोन लाखही भरत नाहीत. पिशवी तीच, पेरणीयंत्र तेच, आणि शेतातल्या रोपांत पाऊण लाखाहून जास्त दाण्यांचा फरक. तरीही दाण्याचे वजन करून पाहणारे फार थोडे; चर्चा असते ती उगवणीची. वास्तविक हे वजन काढायला दागिन्यांचा किंवा स्वयंपाकघरातला छोटा काटा आणि पाच मिनिटे पुरतात. छोट्या काट्यावर चूक होऊ नये म्हणून शंभराऐवजी हजार दाणे तोलून दहाने भागणे बरे.

उगवणशक्ती मात्र आठवडाभर आधी पाहावी लागते. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडतात, वर दुसरा ओला तुकडा टाकतात, गुंडाळी करून ती सावलीत ठेवतात आणि सुकू देत नाहीत. सहा-सात दिवसांनी ती उलगडून मोजायचे. मोजताना फक्त धड कोंब धरायचे. मूळ आखूड राहिलेला, दले तुटलेला, बुरशीने काळवंडलेला दाणा फुटलेला दिसला तरी तो शेतात रोप होत नाही. दाणे रात्रभर पाण्यात भिजवून परीक्षा घेणे सोयाबीनला चालत नाही. त्याचे टरफल पातळ असल्याने पाणी एकदम आत शिरते, दाण्याच्या आतल्या पेशी फाटतात आणि चांगले बियाणेही वाईट ठरते.

या चाचणीतली खरी फसगत मात्र दाण्यांच्या संख्येत आहे. शंभरच दाणे घेतले तर निव्वळ योगायोगाने चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. एकाच पोत्यातले बियाणे एका गुंडाळीत ६६ आणि दुसरीत ७४ दाखवू शकते. म्हणून पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे काढून शंभराच्या चार गुंडाळ्या कराव्यात आणि सरासरी धरावी.

समजा, घरच्या बियाण्याच्या चार गुंडाळ्यांत ६८, ७१, ६६ आणि ६७ कोंब निघाले. चारशेपैकी २७२, म्हणजे ६८ टक्के. शंभर दाण्यांचे वजन १३ ग्रॅम भरले. आता १ लाख ८० हजार दाण्यांचे वजन होते २३.४ किलो. प्रत्येक दाणा उगवला असता तर एवढ्यावर भागले असते. त्याला ०.६८ ने भागले की उत्तर येते ३४.४ किलो. हेच एका ओळीत:

एकरी बियाणे (किलो) = रोपांची संख्या × शंभर दाण्यांचे वजन (ग्रॅम) ÷ (उगवण टक्के × १,०००)

दाण्याचे वजन १२ ग्रॅमच्या जवळ आणि उगवण ७० टक्के धरली की या सूत्रातून तीसच्या आसपासचे उत्तर निघते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्केच ठरलेली आहे, त्यामुळे तीस किलोची शिफारस तिला जुळते. उगवण सत्तरच्या खाली गेली की प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो वाढवावे, हा कृषी खात्याचा सोपा नियमही याच भागाकाराचा आहे. ६० टक्क्यांना तो ३५ किलो सांगतो, आणि सूत्रही तेच सांगते.

साठच्या खाली मात्र हा भागाकार करू नये. उगवण ५० टक्के असेल तर दुप्पट दाणे टाकून रोपे पुरी होतील असे कागदावर दिसते. पण निम्मे दाणे मेले असतील, तर उरलेले निम्मेही बहुधा थकलेले असतात. गोणपाटाच्या उबेत ते फुटतात. शेतात तीन-चार सेंटिमीटर मातीखालून, त्यातही पावसाच्या सरीनंतर धरलेली पापडी फोडून, ते वर येत नाहीत. जोम किती आहे हे टक्केवारीत दिसत नाही, आणि सूत्राला तर मुळीच कळत नाही. असे बियाणे पेरणीसाठी वापरू नये.

उत्तर मिळाले तरी ते यंत्रातून तितकेच पडते का, हे पेरणीच्या आधी पाहावे लागते. पाच फणांच्या यंत्राची रुंदी ४५ सेंटिमीटर अंतराने २.२५ मीटर होते. त्याच्या चाकाचा घेर २ मीटर असेल, तर चाकाचे वीस फेरे म्हणजे ४० मीटर चाल आणि ९० चौरस मीटर पेरा, एकराचा पंचेचाळिसावा भाग. यंत्र उचलून नळ्यांखाली पिशव्या बांधाव्यात, चाक वीस वेळा फिरवावे आणि पडलेले बी तोलावे. ३४.४ किलोसाठी ते ७६५ ग्रॅमच्या जवळ भरले पाहिजे. पाचही पिशव्या वेगवेगळ्या तोलल्या, तर कोणता फण कमी टाकतो हेही कळते. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यानेच ही चाचणी करावी, कारण औषध चोळलेला दाणा चकतीतून वेगळ्या गतीने सरकतो.

सहा ओळी पेरून सातवी रिकामी सोडण्याची पट्टा पद्धत असेल, तर बियाणेही सातव्या हिश्श्याने कमी लागते, ३४.४ चे साडेएकोणतीस होते.

पेरताना मीटरभर तास उकरून दाणे मोजले तर या उदाहरणात ते २९ च्या आसपास सापडावेत. दहा-बारा दिवसांनी त्याच मापात २० रोपे अपेक्षित असतात. १७-१८ दिसली तरी सोयाबीन फांद्या करून बरीच तूट भरून काढते. पण ती १०-१२ वर आली, तर आधी तूट कशी पसरली आहे ते पाहावे. सगळ्या शेतात सारखी विरळ असेल तर संशय बियाण्यावर किंवा खोलीवर जातो. ठरावीक अंतराने एकच ओळ रिकामी दिसत असेल तर बियाणे निर्दोष असते. तो एक फण तुंबलेला असतो.