काच धरावी, पण आवळू नये

उंच इमारतीची काचेची भिंत इमारतीचं ओझं पेलत नाही. मजल्यांचा भार आतले खांब वाहतात. बाहेरच्या काचेला फक्त स्वतःचं वजन आणि वाऱ्याचा मारा सोसायचा असतो. खरी अडचण वेगळीच आहे: ज्या सांगाड्यावर ही काच बसवायची, तो सांगाडा कधीच स्थिर नसतो.

म्हणून पॅनेल टांगलं जातं. मजल्याएवढ्या उंचीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट काचेसह कारखान्यातच तयार होते. जागेवर क्रेनने उचलून तिचा वरचा भाग स्लॅबच्या कडेवरच्या ब्रॅकेटमध्ये अडकवतात. खालची कड मात्र खालच्या पॅनेलच्या माथ्यावरच्या खाचेत नुसती बसवतात, तिथे बोल्ट मारत नाहीत. चार मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तापमान 50 अंशांनी वाढलं की सुमारे साडेचार मिलिमीटर लांबते, तेवढीच काच दोन मिलिमीटरही वाढत नाही. त्यात माणसं आणि सामान आलं की स्लॅब वाकतो. ही सगळी हालचाल खाचेतल्या मोकळ्या जागेत जिरते. फट बुजवणारं रबरी गॅस्केट दबतं, पुन्हा फुलतं, पण काचेवर ताण येऊ देत नाही.

चौकटीतही काच धातूला टेकत नाही. ती तळाशी दोन रबरी ठोकळ्यांवर उभी असते आणि कडेने गॅस्केट किंवा लवचीक सिलिकॉन तिला धरून ठेवतं. बाहेरच्या गॅस्केटमधून थोडं पाणी शिरणारच, हे गृहीत धरून चौकटीच्या तळाला बारीक छिद्रं ठेवलेली असतात. त्यांतून पाणी बाहेर पडतं. शिवाय हवाही आत येते, त्यामुळे पोकळीतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा राहतो आणि वारा पाणी आत रेटू शकत नाही. ही छिद्रं सीलंटने किंवा रंगाने बुजली, तर पाणी पोकळीत साचून घरात झिरपू लागतं.

धरण्याऐवजी आवळलं तर काय होतं, ते बॉस्टनच्या 60 मजली जॉन हॅनकॉक टॉवरने दाखवलं. 1973 च्या सुरुवातीच्या वादळात तिथल्या काचा फुटून पडू लागल्या. सवा दोनशे किलोंच्या आसपास वजनाच्या त्या तावदानांच्या जागी प्लायवूड ठोकावं लागलं. इमारत झुलते म्हणून काचा फुटतात, असा संशय आधी होता. दोष निघाला तावदानाच्या आतच. दुहेरी काचांमधली शिशाची पट्टी सोल्डरने काचेवरच्या आरशासारख्या लेपाला इतकी घट्ट जोडली होती, की जोड जरासुद्धा हलत नव्हता. वाऱ्याच्या आणि उष्णतेच्या प्रत्येक फेऱ्यात ताण थेट काचेच्या कडेवर येई, तिथे सूक्ष्म तडे जात आणि अखेर बाहेरची काच फुटे. शेवटी सगळी, म्हणजे 10,344 तावदानं बदलून एकेरी टफन्ड काच बसवली.

आज दुहेरी काचेची कड ब्युटाइल आणि सिलिकॉनने चिकटवतात. ब्युटाइल ओल अडवतं, सिलिकॉन दोन्ही काचांना धरून ठेवतं, आणि काच हलली तर दोन्ही तिच्याबरोबर हलतात.