परतावा कमी का येतो?

समजा, 2000 रुपयांची साडी ऑनलाइन घेतली. 300 रुपये पॉइंट्समधून गेले, 1700 कार्डावरून आणि त्यावर 170 रुपये कॅशबॅक मिळाला. साडी परत केली, तर पैसे सहसा आले त्याच वाटेने परततात: 1700 कार्डावर आणि 300 पॉइंट्स म्हणूनच, रोख नव्हे. खरेदीच रद्द झाल्याने कॅशबॅकचे 170 रुपयेही कापले जातात. इथवर हिशेब बरोबर आहे.

खरी मेख मुदतीत आहे. अनेक योजनांत परतलेल्या पॉइंट्सना जुनीच मुदत लागू होते. ती मधल्या काळात संपली असेल, तर पॉइंट्स जमा होताच बाद होतात. म्हणून परत करण्याआधी मुदत पाहा, स्क्रीनशॉट ठेवा आणि पॉइंट्स बुडाले तर नवी मुदत लेखी मागा.