चार तास ओटी म्हणजे एक हजेरी

जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे कारखाने दिवसरात्र चालतात. चटईचा दोरा काढणारे एक्स्ट्रूडर मशीन एकदा तापले की ते मध्येच सोडून जाता येत नाही. बॅरल थंड झाले तर आतला माल घट्ट होतो, पुन्हा तापवायला वेळ जातो आणि पहिला माल भंगारात टाकावा लागतो. त्यामुळे पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, की आधीच्याने थांबायचे. हे थांबणे म्हणजे ओव्हरटाइम. कारखान्यात सगळे त्याला ओटी म्हणतात आणि त्याच्या पैशांना 'डबल'.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अशाच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कार्मिक अधिकारी आणि टाइमकीपर एक परिपत्रक पुढ्यात घेऊन बसले होते. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. नव्या भत्त्याचा कागद मात्र अनेकदा ती तारीख उलटून गेल्यावर हाती पडतो. इथेही तसेच झाले होते. जुलैचा पगार ७ ऑगस्टला जुन्या दराने वाटून झाला होता आणि नंतर कागद आला. भत्ता वाढला की ओटीचा दरही वाढतो, म्हणून कामगारांना तसे कळवायचे होते. पहिला मसुदा असा होता :

'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, विशेष भत्त्यातील सुधारणेच्या अनुषंगाने अतिकालिक भत्त्याच्या दरात अनुज्ञेय वाढ जुलैच्या वेतनापासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात येत असून फरकाची रक्कम यथावकाश अदा करण्यात येईल.'

वाक्यात चूक काढायला जागा नाही, पण त्यात रुपयांचा एकही आकडा नाही. टाइमकीपरने गेटवरच्या एका जुन्या कामगाराला बोलावून ते वाचून दाखवले. त्याने सगळे शांतपणे ऐकले आणि अहिराणीत विचारले, "कितला पैसा भेटतीन माले?" अधिकाऱ्याने वहीत तोच प्रश्न पहिल्या ओळीवर लिहून घेतला. त्याखाली आणखी तीन प्रश्न आले : कशावर डबल, कधीपासून, आणि मागचा फरक कोणत्या पगारात.

आधी हिशेब. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ प्रमाणे दिवसात ९ तासांपुढे किंवा आठवड्यात ४८ तासांपुढे काम केले, तर त्या जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी द्यावी लागत असे. नेहमीच्या दरात मूळ वेतन आणि भत्ते येत. बोनस आणि ओटीचे पैसे येत नसत. समजायला सोपे जावे म्हणून अकुशल गटाच्या दोनच रकमा घेऊ. मूळ वेतन ११,००० आणि विशेष भत्ता ३,५६०, मिळून १४,५६०. महिन्याचे २६ दिवस धरून भागले की रोजची हजेरी ५६० रुपये. पाळी ८ तासांची, म्हणजे तासाला ७० आणि डबल १४०. आता भत्ता ४१६ रुपयांनी वाढला. एकूण १४,९७६, रोज ५७६, तासाला ७२, डबल १४४.

या कारखान्यात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशा तिन्ही गटांची भत्त्यातली वाढ सारखीच होती. त्यामुळे मूळ वेतन वेगवेगळे असले तरी ओटीत वाढ सर्वांना तासाला ४ रुपयेच होती. मसुद्यात हे कुठेच नव्हते. आता 'ओटीला तासाला ४ रुपये जास्त' ही परिपत्रकाची पहिली ओळ झाली आणि खाली तीन गटांचे जुने-नवे दर तीन ओळींत आले.

भागाकार मात्र पुष्कळ कामगारांना तोंडी करता येत नाही, आणि तेवढ्यासाठी मोबाइल काढून बसायची कोणाला फुरसतही नसते. टाइमकीपरने सोपी खूण सुचवली. दुप्पट दराने ४ तास म्हणजे साध्या दराने ८ तास, आणि ८ तासांची एक हजेरी. म्हणजे ४ तास ओटी केली की एक पूर्ण हजेरी सुटली पाहिजे. चार वेळा १४४ म्हणजे ५७६, बरोबर रोजचा दर. पगाराच्या पावतीवर हा ताळा बसला नाही, तर कुठेतरी गडबड आहे, हे कोणालाही कळते.

ती गडबड बहुधा दोन ठिकाणी होते. एकात रोजचा दर २६ ने काढण्याऐवजी महिना ३० दिवसांचा धरतात. मग तोच डबल दर १४४ ऐवजी १२४ रुपये ८० पैसे येतो. दर तासाला १९ रुपये २० पैसे कमी. दुसऱ्यात विशेष भत्ता सोडून नुसते मूळ वेतन दुप्पट करतात. तेव्हा दर १०५ रुपये ७७ पैशांवर घसरतो. दोन्ही ठिकाणी पावतीवर 'ओटी डबल रेट' असेच छापलेले असते. म्हणून नव्या मसुद्यात 'दुप्पट' या शब्दापुढे कशाची दुप्पट, ते रकमांच्या नावांसह लिहिले : मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, भागिले २६, भागिले ८, गुणिले २.

त्या कायद्यात तासांची मोजणी अधिक नाजूक होती. सोमवार ते शनिवार रोज ८ तास केलेला कामगार दोन दिवस दोन-दोन तास थांबला, तर आठवड्याचे ५२ तास झाले. ४८ च्या पुढचे ४ तास डबल. पण त्याच आठवड्यात तो गुरुवारी गैरहजर असेल, तर एकूण ४४ तासच भरतात. मग आठवड्याच्या हिशेबाने ओटी निघत नाही. १० तास भरलेल्या दोन दिवसांपैकी ९ तासांपुढचा एकेक तास, असे २ तास डबल आणि उरलेले २ तास साध्या दराने. याच मुद्द्यावर पगाराच्या दिवशी टाइम ऑफिसच्या खिडकीवर वाद होतो, कारण कामगाराला आठवते की आपण चार तास थांबलो. परिपत्रकात या दोन आठवड्यांची उदाहरणे शेजारी-शेजारी दिली. त्या कायद्याने आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीनंतर सुरू होतो, हेही एका ओळीत लिहिले.

मग तारीख. 'जुलैच्या वेतनापासून' याचे दोन अर्थ निघतात : जुलैत केलेल्या कामाचा पगार, जो ऑगस्टमध्ये मिळतो, किंवा जुलैत हातात पडलेला पगार, जो जूनच्या कामाचा असतो. दर कामाच्या तारखेवरून ठरतो, पगाराच्या तारखेवरून नाही. म्हणून शब्द बदलले : 'ज्या दिवशी काम केले, त्या दिवसाचा दर.'

तरीही ३० जूनची रात्र उरली. या कारखान्याची तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७. मध्यरात्री तारीख बदलते आणि कामगार मशीनवरच असतो. तासांच्या मोजणीपुरता कारखाने अधिनियम स्पष्ट होता : मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचे नंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. पण त्या तासांना जुना दर की नवा, हे परिपत्रकाने सांगायचे असते. हा नियम दरालाही लावला, तर १ जुलैच्या पहाटेचे काम जुन्या दराने जाईल आणि नवा भत्ता १ जुलैपासून असताना ते कमी पडेल. मध्यरात्रीची रेघ ओढली, तर एकाच माणसाच्या एकाच रात्रीचे दोन तुकडे करावे लागतील. अधिकाऱ्याने तिसरा रस्ता घेतला. ३० जूनच्या रात्री ११ नंतरच्या प्रत्येक ओटीच्या तासाला नवा दर. दुसऱ्या पाळीतून पुढे थांबलेल्यांनाही तोच. कंपनीला ११ ते १२ या एका तासाचे ४ रुपये जास्त पडतात, पण मस्टरवर एकच रेघ ओढावी लागते.

हेच परिपत्रक कंपनीच्या धुळ्याच्या युनिटलाही जायचे होते. अवधानच्या एमआयडीसीतल्या त्या युनिटला तिसरी पाळी रात्री १२ ला लागते. तिथे 'रात्री ११' लिहिले तर दुसऱ्या पाळीच्या शेवटच्या तासाचा नवा घोळ होईल. त्यामुळे तारखेची ओळ दोन युनिटांसाठी वेगवेगळी लिहिली. बाकीचा मजकूर तोच ठेवला.

मागचा फरक सांगताना 'यथावकाश' हा शब्द गेला आणि ७ सप्टेंबर ही तारीख आली, म्हणजे ऑगस्टच्या कामाच्या पगाराचा दिवस. उदाहरण असे : जुलैत १८ तास ओटी केलेल्याला १४० च्या दराने २,५२० मिळाले होते, १४४ ने २,५९२ व्हायला हवे होते, फरक ७२ रुपये. हे ७२ पगारात मिसळून न देता पावतीवर 'जुलै ओटी फरक' अशा वेगळ्या ओळीत दाखवायचे ठरले. जुलैच्या पगारातला ४१६ चा फरकही स्वतंत्र ओळीत. त्या वेळच्या नियमाप्रमाणे कपातीचे एक वाक्यही घातले : ओटीच्या रकमेवर पीएफ कापला जात नाही, पण ईएसआयसीची ०.७५ टक्के वर्गणी लागते. चार तासांच्या ५७६ रुपयांवर ती साधारण ४ रुपये ३२ पैसे होते. हे लिहिले नाही, तर कामगाराने घरी केलेला हिशेब आणि पावती जुळत नाही आणि संशय भलतीकडेच जातो.

अशी परिपत्रके जपून ठेवणाऱ्यांनी एक ओळ मात्र पुन्हा तपासायला हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ओटीला दुप्पट दर कायम आहे, पण वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवास असे वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरायचा. एकूण १८,००० मिळवणाऱ्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ७,००० असेल, तर उरलेल्या ११,००० पैकी ९,००० च्या वरचे २,००० वेतनात येतात आणि वेतन ९,००० होते. म्हणून 'कशावर डबल' या ओळीत कोणत्या रकमा मोजल्या, त्यांची नावे हवीतच.

शेवटी नोटीस बोर्डावर गेला तो मजकूर असा :

'ओटीला तासाला ४ रुपये जास्त. अकुशल गटाचा दर १४० होता, आता १४४. दर असा काढला : मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, भागिले २६, भागिले ८, गुणिले २. ताळा : ४ तास ओटी म्हणजे एक हजेरी. ३० जूनच्या रात्री ११ नंतर केलेल्या प्रत्येक ओटीच्या तासाला हा दर. जुलैचा फरक ७ सप्टेंबरच्या पगारात, पावतीवर वेगळ्या ओळीत. ठेकेदाराकडच्या कामगारांनाही हेच लागू. हिशेब जुळला नाही तर पावती आणि पंचिंगची तारीख घेऊन टाइम ऑफिसला या.'

खाली तीन गटांचे दर आणि दोन आठवड्यांची उदाहरणे होती. कामगारांत उत्तर भारतातून आलेले बरेच असल्याने शेजारी हिंदी प्रतही लावली. ठेकेदाराची ओळ टाइमकीपरने हट्टाने घालून घेतली होती. कारखाने अधिनियमात ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच धरला जात असे, पण त्याची पावती ठेकेदाराच्या ऑफिसात तयार होते आणि तिथे नवा दर पोचायला आणखी एक महिना जातो. म्हणून परिपत्रकाची प्रत त्याच दिवशी सर्व ठेकेदारांकडे गेली आणि सप्टेंबरच्या बिलासोबत प्रत्येक कामगाराच्या फरकाची यादी जोडण्याची अट त्यांना घातली.