उन्हाची गॅलरी आणि तीन कुंड्या

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटची पश्चिमेकडची छोटी गॅलरी घ्या. दुपारी एकनंतर तिथे ऊन येतं ते संध्याकाळपर्यंत हलत नाही. कठडा तापतो, फरशी तापते, काळी प्लास्टिकची कुंडी तर हात लावू देत नाही. अशा जागी कोथिंबीर, पुदिना आणि मिरची एकाच कट्ट्यावर ओळीने मांडली, तर बहुतेक वेळा मिरची तेवढी टिकते. तिघांना लागणारं ऊन वेगवेगळं असतं, म्हणून आधी जागा ठरवायची आणि मग माती भरायची.

कठड्यालगतची, सर्वांत उन्हाची जागा मिरचीची. रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळालं, तरच ती भरपूर फुलते. दहा-बारा इंची कुंडीत एकच रोप लावावं. दोन भाग माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण तिन्ही कुंड्यांना चालतं. कुंडीच्या तळाची भोकं मात्र मोकळी हवीत.

मिरचीच्या सावलीत, मागच्या बाजूला कोथिंबीर ठेवावी. तिला सकाळचं किंवा तिरपं ऊन पुरतं. घरातल्या डब्यातले धने उगवतात, पण ते अख्खे पेरू नयेत. एका धन्यात दोन बिया असतात. लाटणं हलक्या हाताने फिरवलं की त्या सुट्या होतात. बी रात्रभर भिजवून पसरट कुंडीत सेंटिमीटरभर खोल पेरावं. साधारण आठ-दहा दिवसांत अंकुर वर येतात. थंडीत थोडे जास्त दिवस लागतात, तेव्हा उगवलं नाही म्हणून माती उकरू नये. कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं आणि हलवलेलं तिला सोसत नाही. त्यामुळे जिथे वाढवायची तिथेच पेरायची, रोपं काढून दुसरीकडे लावायची नाहीत.

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांत कोथिंबीर कापायला येते. ऊन तापू लागलं की मधूनच एक उंच दांडा निघतो आणि रुंद पानांच्या जागी बडीशेपेसारखी बारीक पानं दिसू लागतात. झाड फुलावर आल्याची ही खूण. याला खत किंवा जास्त पाणी हा उपाय नाही, कारण उष्णता आणि लांबत चाललेला दिवस झाडाला बी धरायला लावतात. म्हणून दिवाळीनंतर पेरायला सुरुवात करून, फेब्रुवारीपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे धने टाकत राहावं. एप्रिल-मेमध्ये या गॅलरीत कोथिंबिरीचा हट्ट धरू नये. बाजारातही ती याच दिवसांत महागते, त्याचं एक कारण हेच.

पुदिना भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे दुपारचं ऊन पोचत नाही तिथे. त्याला बी लागत नाही. भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या चार-पाच जाड काड्या निवडाव्यात, खालची पानं काढून त्या पाण्यात ठेवाव्यात. आठवडाभरात पेरांशी पांढरी मुळं दिसली की मातीत लावाव्यात. मात्र त्याला वेगळी कुंडी हवी. त्याचे धावते फुटवे मातीवरून आणि मातीखालून पसरतात आणि शेजारच्या झाडाची जागा खातात. खोलीपेक्षा रुंदी असलेली कुंडी त्याला सोयीची. पानं ओरबाडण्याऐवजी शेंडे खुडले की खालून दोन-दोन फांद्या फुटतात. वर्षभरात कुंडी मुळांनी गच्च भरली आणि पानं बारीक होऊ लागली, की नव्या काड्या लावून कुंडी पुन्हा भरावी.

पाणी घालण्याआधी तिन्ही कुंड्यांत बोट घालून पाहावं. पुदिन्याची माती सतत ओलसर हवी, कोथिंबिरीची ओलसर पण चिखल नको, मिरचीची वरची इंचभर सुकली की मगच पाणी.

मिरचीला कडक उन्हाळ्यात फुलं येऊन गळतात, तेव्हा दुपारपुरतं जुनं सुती कापड आडोशाला बांधलं तर थोडी मदत होते. जास्त लक्ष द्यावं ते पानांकडे. पानं आवळली की शेतकरी त्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा कोळी. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब नीट ढवळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारावं आणि आठवड्याने पुन्हा. नवी पानं सरळ आली, तर रोप सावरलं. तीही बारीक, पिवळट आणि गुंडाळलेलीच येत राहिली, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता जास्त. त्यावर औषध नाही. रोप उपटून टाकावं, म्हणजे शेजारच्या कुंडीतली मिरची तरी वाचते.